मुरूम लागेपर्यंत

निकाहच्या मोसमात आमच्याकडे कविता येतात. कुणी भावासाठी सेहरा लिहून आणतो, कुणाला बहिणीच्या रुख़्सतीसाठी चार ओळी हव्या असतात, आणि अलीकडे नवरे मंडळीही बायकोसाठी लिहू लागली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. या कवितांमध्ये एक घर हमखास असते. विश्वासाचा पाया, प्रेमाच्या भिंती, मायेचे छप्पर, समजूतदारपणाची दारे-खिडक्या. वाचणारा मान हलवतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. घराची उपमा काही वाईट नाही. आपल्याकडे संसाराला घरच म्हणतात, लग्न झालेल्याला 'घरदार असलेला माणूस' म्हणतात. तरीही या ओळींमध्ये घर उभे राहत नाही. असे का होते, हे या वेळी एका कवितेच्या आधाराने पाहू.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ, कारण पुढे त्यांचे काम पडेल. शाळेत आपण उपमा आणि रूपक शिकतो. एकच तुलना अंगोपांगांसह शेवटपर्यंत चालवली की तिला सांगरूपक म्हणतात. 'सांग' म्हणजे स-अंग, सगळ्या अवयवांसकट. मराठीत याचे मोठे भांडार ज्ञानेश्वरीत आहे. आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' ग्रंथ नावापासूनच एक लांबवर चालणारे रूपक आहे, साधकाच्या आतल्या लढाईचे. उर्दूत रूपकाच्या जवळचा शब्द आहे इस्तिआरा. त्याचा मूळ अर्थ उसने मागणे. एका वस्तूचे नाव दुसरीसाठी उसने घ्यायचे. पण इस्तिआऱ्याची एक अट आहे, आणि ती आमच्या नवकवींच्या फार उपयोगाची आहे. ज्याच्यासाठी उसने घेतले त्याचे नाव घ्यायचे नाही. शूर माणसाला 'तो सिंहासारखा' म्हटले तर ती तश्बीह झाली. 'सिंह मैदानात आला' एवढेच म्हटले तर इस्तिआरा. 'विश्वासाचा पाया' म्हटले की कवीने गुपित आधीच फोडले. पायाकडे बघायची गरजच उरली नाही.

देवगाव फाट्याजवळ राहणारा आमचा एक जुना विद्यार्थी आता मिस्त्री आहे. लहान घरांची कामे घेतो, पाच-सहा माणसे हाताखाली आहेत. लग्नाला बारा वर्षे झाली. त्याने बायकोसाठी कविता लिहून आणली. दोघांच्या परवानगीने ती इथे घेत आहोत, नावे मात्र देत नाही. त्याचा पहिला खर्डा असा होता:

विश्वासाचा पाया आपला, प्रेमाच्या या चार भिंती,
मायेचे हे छप्पर वरती, नाही वाऱ्याची मग भीती.
मी कारागीर, तू माझे घर, तूच माझी चंद्रकोर,
संसाराच्या नावेमध्ये तुझ्या हाती माझी दोर.

आम्ही त्याला विचारले, "हे कोणाच्या घराबद्दल आहे?" तो म्हणाला, "सर, कोणाच्याच. कवितेतलं आहे." हातात थापी घेऊन जो माणूस वीस वर्षे घरे बांधतो, त्याच्या कवितेतले घर कोणाचेच नव्हते. म्हणून आम्ही दोघे ओळी घेऊन बसलो.

पहिली अडचण क्रमाची. दोन ओळींत पाया, भिंती आणि छप्पर तिन्ही होऊन गेले. आता बांधायला शिल्लक काय? म्हणून तिसऱ्या ओळीत चंद्रकोर आणावी लागली आणि चौथीत नाव. वाळूवर उभे असलेले घर एकदम पाण्यावर तरंगू लागले. वाचताना असा धक्का बसला की ओळखावे, कवीजवळचे सामान संपले आहे आणि तो शेजाऱ्याच्या ढिगावरून विटा उचलतो आहे. ग़ज़लेत हे चालून जाते, कारण तिथे प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. एका शेरात दिवा, पुढच्यात दर्या, कोणी हरकत घेत नाही. वली आणि सिराज या आपल्या औरंगाबादच्याच शायरांनी ग़ज़लेला जो रंग दिला, त्यात हे स्वातंत्र्य आहेच. पण एकच रूपक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत न्यायचे असेल तर नज़्म निवडावी, किंवा फार तर मुसलसल ग़ज़ल, ज्यात सगळे शेर एकाच विषयाचे असतात. सेहऱ्यात तर फुले, मोती आणि लड्या यांच्याच भोवती फिरावे लागते. ग़ालिब आणि ज़ौक़ यांच्यासारख्या उस्तादांनी शहज़ादा जवाँ बख़्तच्या लग्नात सेहरे लिहिले, तेव्हा त्यांनाही या फुलांच्या पडद्याबाहेर जाता आले नाही. आमच्या मिस्त्रीला आम्ही यमक बाजूला ठेवायला सांगितले आणि घर धरून ठेवायला सांगितले.

दुसरी अडचण जास्त खोल होती, आणि ती आमच्या नाही, त्याच्या बायकोच्या लक्षात आली. त्याने खर्डा घरी वाचून दाखवला होता. 'मी कारागीर, तू माझे घर' ही ओळ ऐकून ती म्हणाली, "मी घर झाले तर मग मी राहू कुठं?" तो हसत हसत आम्हाला हे सांगत होता, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लांबवर चालणाऱ्या रूपकात कोण काय आहे हे एकदा ठरले की पुढची प्रत्येक ओळ त्या वाटणीप्रमाणे चालते. नवरा कारागीर आणि बायको घर, असे ठरवले तर तो बांधणार, ती बांधली जाणार. तो आत-बाहेर करणार, ती जागेवर. तो दुरुस्ती करणार, बिघाड तिच्यात. कवीच्या मनात यातले काहीही नसते. त्याला फक्त 'तुझ्याजवळ मला निवारा वाटतो' एवढेच म्हणायचे असते. पण रूपक आपले ओझे बरोबर घेऊन येते.

कुरआनमधली उपमा इथे आठवते. सूरह बक़रामध्ये (2:187) पती-पत्नीला एकमेकांचा लिबास म्हटले आहे. त्यात तुलना दोन्ही बाजूंनी आहे. ती त्याचा पोशाख, तसाच तो तिचा. मुफ़स्सिरांनी झाकणे, जपणे, शोभा, जवळीक असे त्याचे कितीतरी पदर उलगडले आहेत. निकाहला आपण अक़्द म्हणतो, म्हणजे गाठ, करार. ईजाब एका बाजूने, क़बूल दुसऱ्या बाजूने. गाठीला दोन टोके लागतातच. म्हणून आम्ही सुचवले की घर दोघांपैकी कोणीच होऊ नये. घर म्हणजे दोघांमधले जे आहे ते, आणि कामावर दोघे. प्रत्येक ओळीत दोघांच्या हाताला काहीतरी काम हवे. ज्या ओळीत एकच माणूस राबतो आहे, ती थांबून तपासायची.

आता घर कोणते, हा प्रश्न आला. कविता लिहिणारे बहुतेक जण हवेतले घर घेतात. आमच्या भागात जुने घर म्हणजे माळवदाचे, मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचे धाबे. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती घालून, चोपून घ्यावी लागते, नाहीतर गळते. दरवर्षी नव्याने निगा मागणारे छप्पर संसाराच्या कवितेसाठी किती चांगले! पण माळवद म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला 30 सप्टेंबर 1993 ची पहाटही आठवते. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींवरची अशीच जड छपरे झोपलेल्या माणसांवर आली. प्रेमाच्या कवितेत ते छप्पर आणायचे तर ती आठवणही आत येणार, आणि कवीला ती नको असेल तर दुसरे घर बघावे. आमचा विद्यार्थी माळवदे बांधत नाही, स्लॅबची घरे बांधतो. तेव्हा ठरले, स्लॅबचेच घर घ्यायचे, तेही परभणी जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीवरचे.

मग आम्ही वही मिटली आणि त्याला घर कसे बांधतो ते सांगायला लावले. तो जे बोलला त्यात कविता आपोआप पडलेली होती.

तो म्हणाला, आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच्यामुळेच. या मातीवर पाया टेकवला तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे बसते, आणि कोपऱ्यातून तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचे. कुठे चार-पाच फुटांवर लागतो, कुठे त्याच्या दुप्पट खोल जावे लागते. मालक वैतागतो, कारण पैसे जमिनीत जातात आणि वर काही दिसत नाही. जोते होईपर्यंत शेजारी विचारतात, काम बंद पडले काय? यातून त्याने पहिल्या ओळी केल्या:

पहिले पाच फूट नुसती काळी माती निघाली.
तू घमेले देत होतीस, मी भरत होतो.
तू विचारलेस, अजून किती?
मी म्हणालो, मुरूम लागेपर्यंत.

इथे 'विश्वास' हा शब्द नाही. पण लग्नाची पहिली दोन-तीन वर्षे ज्यांनी काढली आहेत त्यांना ती मऊ, फुगणारी, आकसणारी माती ओळखू येईल. ओळ दोन्ही बाजूंनी खरी आहे, बांधकामातही आणि संसारातही, आणि सांगरूपकाची हीच परीक्षा आहे. एखादी ओळ मिस्त्रीला वाचून दाखवली आणि तो म्हणाला "असं नसतं", तर ती कच्ची. बायकोला वाचून दाखवली आणि तिला त्यात आपले काही दिसले नाही, तरीही कच्ची. आमच्या कवीची सोय अशी की पहिली परीक्षा तो स्वतःच घेऊ शकत होता.

पुढचा मजकूर स्लॅबचा. स्लॅब टाकतात त्या दिवशी मिक्सर, माणसे, चहा, दुपारी जेवण, एक जत्राच असते. दुसऱ्या दिवशी कोणी नसते, आणि खरे काम तेव्हा सुरू होते. सिमेंट वाळून घट्ट होते असा बऱ्याच लोकांचा समज आहे. ते वाळून नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणून स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी साठवून ठेवतात. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटला निदान दहा, आणि आपल्या उन्हात त्याहून जास्तच बरे. लवकर कोरडा पडला तर वरून चांगला दिसतो, पण ताकद कायमची कमी राहते आणि बारीक चिरा पडतात. हे ऐकून आम्ही म्हणालो, हे जसेच्या तसे लिही. निकाहचा दिवस आणि नंतरचे दिवस, दुसरे काय! त्याने लिहिले:

स्लॅब पडला त्या दिवशी शंभर माणूस होते.
पाणी मारायला आपण दोघेच.
सकाळचे तू मारलेस, रात्रीचे मी.
घट्ट व्हायचे तर ओले राहावे लागते,
हे मला कामावर माहीत होते, घरी तू शिकवलेस.

शेवटच्या ओळीबद्दल आमचे थोडे मतभेद झाले. 'घट्ट व्हायचे तर ओले राहावे लागते' इथेच कडवे संपावे असे आम्हाला वाटत होते. 'कामावर' आणि 'घरी' म्हटले की रूपकाची शिवण दिसते, वाचकाला बोट धरून अर्थाकडे नेल्यासारखे होते. तो म्हणाला, "सर, वाचक राहू द्या, तिला कळायला पाहिजे." प्रेमाची कविता आधी एका माणसासाठी असते, ही गोष्ट मास्तर लोक विसरतात. ओळ ठेवली.

यानंतर तो बराच वेळ गप्प बसला. कविता का लिहायची होती ते मग हळूहळू बाहेर आले. गेल्या ईदपासून दोघांमध्ये एक अढी होती. तो कामासाठी चार महिने बाहेरगावी होता, मागे सासूच्या आजारपणात तिने एकटीने सगळे काढले, आणि परतल्यावर तो एक शब्द असा बोलला जो बोलायला नको होता. भांडण मिटले होते, बोलणे सुरू होते, सगळे सुरळीत दिसत होते. पण तिने तो शब्द विसरला नव्हता, आणि त्यालाही ते माहीत होते. पहिल्या खर्ड्यात याचा मागमूसही नव्हता. 'नाही वाऱ्याची मग भीती' असे त्यात म्हटले होते.

आम्ही एवढेच विचारले, "भिंतीला तडा गेला तर तू काय करतोस?"

तो सांगू लागला. नवीन माणूस लगेच तड्यात सिमेंट भरतो, वर गिलावा ओढतो, रंग देतो. पुढच्या उन्हाळ्यात तडा त्याच जागी परत येतो, कारण भिंत अजून हलत असते. जाणता मिस्त्री आधी बघतो की तडा जिवंत आहे की मेलेला. तड्यावर आडवा, सिमेंटचा किंवा पीओपीचा रुपयाएवढा ठिपका लावायचा आणि शेजारी तारीख लिहायची. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. ठिपका फुटला तर खाली काहीतरी चालू आहे, पायाजवळ पाणी मुरते का, झाडाची मुळे आहेत का, ते शोधायचे. ठिपका शाबूत राहिला तर तडा थांबला, आता खुशाल भरा. केसाएवढी रेघ असेल तर ती बहुधा नुसत्या गिलाव्याची असते, तिला घाबरायचे कारण नाही. कोपऱ्यातून तिरपी जाणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी असेल तर मात्र दुर्लक्ष करू नये.

हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. आम्ही काही बोललो नाही. त्याने घरी जाऊन लिहिलेले कडवे तिसऱ्या दिवशी आणले:

वैशाखात भिंतीला एक रेघ गेली.
मीच पाडली होती ती.
मी गिलाव्याचे घमेले घेऊन आलो,
तू म्हणालीस, बुजवू नका लगेच.
तू ठिपका लावलास, मी तारीख लिहिली.
आता रोज येता-जाता दोघेही बघतो.

या कडव्यात माफी आहे, पण 'माफ कर' नाही. आणि तिचे 'बुजवू नका' हे या कवितेतले सर्वांत मोठे प्रेमाचे वाक्य आहे असे आमचे मत आहे. पहिल्या दोन कडव्यांनी घर नीट उभे केले नसते तर हे कडवे इतके सहज आले नसते. रूपक लांबवण्याचा खरा फायदा हाच. जी गोष्ट सरळ सांगायला जड जाते, तिच्यासाठी तोपर्यंत भाषा तयार झालेली असते. एका ओळीच्या उपमेत तडा दाखवता येत नाही, कारण भिंतच नसते.

'मीच पाडली होती ती' ही ओळ मात्र मिस्त्रीच्या परीक्षेत नापास होते. काळ्या मातीवरच्या घराला रेघ जाते ती मातीने जाते, कोणी पाडत नाही. आम्ही हे त्याच्या लक्षात आणून दिले. तो म्हणाला, तडे मातीनेच जातात हे खरे, पण पायाजवळ पाणी मुरू देणारा मिस्त्री असतो. मग त्याने ती ओळ बदलली: 'पायाशी पाणी मी मुरू दिले होते.' आता बांधकामही खरे झाले आणि कबुलीही जास्त नेमकी झाली, कारण बोललेला शब्द एका क्षणाचा होता, पण दुर्लक्ष चार महिन्यांचे होते.

शेवट कसा करावा यावर बरीच चर्चा झाली. घराच्या कवितेचा सोपा शेवट म्हणजे घर पूर्ण होणे. कुरआनख़्वानी झाली, दिवे लागले, मिठाई वाटली. पण इथे रूपक आणि संसार यांच्या वाटा वेगळ्या होतात. घराला पूर्ण झाल्याचा एक दिवस असतो, मिस्त्री हिशेब घेऊन निघून जातो. नवऱ्याने हिशेब घेऊन निघून जाऊन कसे चालेल? जिथे तुलना लागू पडत नाही तिथे ती ओढू नये, त्याआधी थांबावे, किंवा अपुऱ्या घराचीच एखादी खरी गोष्ट शोधावी. अशी गोष्ट आपल्याकडे प्रत्येक गावात आहे. गच्चीवर खांबांच्या सळया तशाच वर काढून ठेवलेल्या असतात, पुढेमागे मजला चढवायचा म्हणून. शहरातून आलेल्या पाहुण्यांना ते घर अर्धवट वाटते. मिस्त्रीने सांगितले की त्या सळया नुसत्या उघड्या ठेवल्या तर गंजतात, मग वेळ आल्यावर जोड धरत नाहीत. त्यांना सिमेंटचे पाणी लावून ठेवावे लागते आणि ते दर काही वर्षांनी पुन्हा लावावे लागते.

त्याने लिहिले:

गच्चीवर सळया अजून उभ्या आहेत.
लोक विचारतात, वरचे कधी बांधणार?
पावसाच्या आधी तू बादलीत सिमेंट कालवतेस,
मी ब्रश घेऊन वर चढतो.

कविता इथे संपते. त्याने ती कागदावर नीट उतरवून बायकोला दिली, वाचून दाखवली नाही. तिने वाचून घडी करून कुठे ठेवली ते त्याला अजून सापडलेले नाही. दुसऱ्या दिवशी तिने एकच सूचना केली. घमेले ती देत होती आणि तो भरत होता असे पहिल्या कडव्यात आहे, ते उलटे पाहिजे. खड्ड्यात उतरून खणणारा तो, म्हणजे भरणारा तो आणि वर उचलून नेणारी ती. 'देत होतीस' नाही, 'नेत होतीस'. मिस्त्री असून ही चूक त्याच्या नजरेतून सुटली होती, आणि आमच्याही. छापायला देताना आम्ही ती मुद्दाम वर तशीच ठेवली आहे. आपल्या वहीत उतरवून घ्यायची असेल तर तिची दुरुस्ती करून घ्यावी.